दुसरा रॅम्प घेण्याआधी पहिल्या रॅम्पवरची गाडी कशासाठी उभी आहे ते लिहून काढा

प्रश्न: "दारव्हा तालुक्यात माझं फोर व्हीलरचं गॅरेज आहे. एक रॅम्प, एक खड्डा, एक मोठे मिस्त्री आन् हाताखाली दोन पोरं. बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती आन् मारुतीच्या गाड्या जास्त येतात. पण गाडी दोन-दोन, तीन-तीन दिवस अडते, गिऱ्हाईक कावते, काही तर यवतमाळले जाऊन राह्यले. हाती तीन लाख आहेत. दुसरा रॅम्प घेऊ का पार्टचा स्टॉक भरू?"

भाऊ, दोन्हीपैकी एकही आज करू नका. निदान चार आठवडे थांबा. तुमच्याकडे जागा कमी पडते की पार्ट कमी पडतात हे अजून ठरलेलेच नाही, आणि माझा अंदाज असा की दोन्ही कमी नाहीत. गाडीत नेमके काय बिघडले हे उशिरा कळते, म्हणून पार्ट उशिरा मागवला जातो, आणि तो येईपर्यंत उघडलेली गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर बसून राहते. मग जागाही अपुरी दिसते आणि स्टॉकही. माझे गॅरेज हिंगणघाटच्या बाजूला आहे, नागपूर–हैदराबाद रस्त्यापासून थोडे आत. गाड्या तुमच्यासारख्याच आणि गिऱ्हाईकही तसेच: कापूस, सोयाबीन, तूर विकली की पैसा हाती येणारे. म्हणून जे इथे चालते ते दारव्ह्यात बरेचसे चालेल. फरक पडेल तो पार्ट पोचायला लागणाऱ्या वेळात. मला नागपूर जवळ आहे. तुम्हाला यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, आणि तिथे नसला तर पार्ट अमरावती किंवा नागपूरहून यायचा. हा फरक लक्षात ठेवून खालचे आकडे तुमच्या हिशेबाने बदला.

आधी एक वही करा. रॅम्पचे एक पान, खड्ड्याचे एक पान. गाडी चढली ती वेळ लिहायची, उतरली ती वेळ लिहायची. मधल्या वेळात दर तासाला एका पोराने फक्त एक अक्षर टाकायचे. गाडीवर हात चालू असेल तर 'का', पार्टची वाट असेल तर 'पा', मालकाच्या होकाराची वाट असेल तर 'मा', आणि मोठे मिस्त्री दुसऱ्या गाडीत गुंतलेत म्हणून थांबली असेल तर 'मि'. बस. संगणक नको, ॲप नको. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ म्हणजे दिवसाचे नऊ तास, दोन जागांचे अठरा, सहा दिवसांचे १०८. आठवड्याअखेरी चारही अक्षरे मोजा. एकूण भरलेले तास नव्वदच्या वर दिसतील आणि त्यातले 'का' जेमतेम निम्मे निघाले तरी नवल नाही. जागा 'भरलेली' असणे आणि जागा 'कामात' असणे यातला हा फरक एकदा आकड्यात दिसला की पुढचे निर्णय सोपे होतात. 'पा' मोठा असेल तर मागवण्याची पद्धत बदला. 'मा' मोठा असेल तर गिऱ्हाइकाशी बोलण्याची. 'मि' मोठा असेल तर पोरांना काम शिकवा. या तिन्हींवर तीन लाखांतले फारसे काही खर्च होत नाही.

एक गाडी घेऊन दाखवतो. ऑक्टोबरचा महिना, सोयाबीनची वाहतूक जोरात. सकाळी साडेनऊला बोलेरो पिकअप आली. तक्रार एवढीच, "लोड टाकला का पिकअप घेत नाही, इंजन नुसतं ओरडते."

बहुतेक गॅरेजात पुढे जे होते ते असे. मोठे मिस्त्री दुसऱ्या गाडीत आहेत, म्हणून पिकअप बाजूला लागते. दुपारी एकला ती खड्ड्यावर येते. पाच वाजता गिअरबॉक्स खाली येतो आणि क्लचप्लेट संपलेली दिसते. साडेपाचला मालकाला फोन लावला तर तो वावरात, रेंज नाही. रात्री आठला त्याचा होकार येतो, तोवर पार्टवाल्याचे दुकान बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर जाते आणि सेट चारच्या बसने येतो. बसवायला घेतल्यावर लक्षात येते की फ्लायव्हीलवर तेल आहे, म्हणजे क्रँकचे मागचे सील गेलेले. ते मागवलेलेच नाही. तिसऱ्या दिवशी सील येते आणि संध्याकाळी सहाला गाडी निघते. खड्डा अडला तो पहिल्या दिवशीचे पाच तास आणि पुढच्या दोन दिवसांचे नऊ-नऊ, म्हणजे तेवीस तास. हात चालले सहा. उरलेले सतरा तास त्या खड्ड्यावर दुसरी गाडी येऊ शकत नव्हती.

आता हीच गाडी वेगळ्या रीतीने घेऊ. मोठे मिस्त्री सकाळी पहिला दीड तास पाना हातात घेत नाहीत. आलेली प्रत्येक गाडी आधी जमिनीवरच पाहतात. या पिकअपला वीस मिनिटे लागतात. पेडलची मोकळी चाल पाहायची, कारण चालच उरली नसेल तर चांगला क्लचही घसरतो आणि काम ॲडजस्टमेंटवर भागू शकते. मग हँडब्रेक पक्का ओढून, चाकांना ओंडके लावून, समोर कोणी उभे नाही हे पाहून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन दमून बंद पडले तर क्लच पकडतो आहे. चालूच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळते. मग गाडीखाली वाकून बेल हाउसिंगच्या तळाशी बोट फिरवायचे. कोरडे असेल तर सेट झिजलाय. ओले असेल तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइलला नसतो आणि डिझेल गाडीत ते काळेही असते. पहिल्यात गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गेले, दुसऱ्यात क्रँकचे मागचे. गाडी उघडण्याआधी काय काय लागणार याची यादी अशी तयार होते: क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधले छोटे पायलट बेअरिंग, गरजेनुसार सील, गिअर ऑइल.

दहा वाजता मालक अजून गॅरेजातच आहे. त्याच्यासमोर आकडा ठरतो आणि सव्वादहाला ऑर्डर जाते. ऑर्डर देताना "बोलेरो पिकअपचा क्लच" एवढे सांगणे पुरत नाही. या गाडीत इंजिन वेळोवेळी बदलले आहे, क्लचचे माप त्याप्रमाणे बदलते, आणि चुकीचा सेट आला की एक दिवस गेलाच. आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. माणसाने नंबर वाचून सांगायचा नाही, फोटोच पाठवायचा. बस किती वाजता निघते हे पार्टवाल्याला विचारायचे, आणि पार्सल ठेवले की पावतीचा फोटो मागायचा. बाराची बस धरली तर दोनपर्यंत दारव्ह्यात पार्ट येतो. इकडे बारा वाजता गाडी खड्ड्यावर घ्यायची, अडीचला गिअरबॉक्स खाली, तोवर सेट हातात. सील आपल्या कपाटात आहे. सहाला गाडी तयार. खड्डा अडला सहा तास, काम झाले सहा तास.

यात वेग कुणाचाच वाढलेला नाही, हे लक्षात घ्या. मिस्त्री तेच, पाने तेच. फक्त तपासणी दुपारऐवजी सकाळी झाली आणि मालक समोर असताना झाली.

अर्थात दर वेळी असे जमत नाही. इंजिनमधला आवाज, गिअरबॉक्सच्या आतला दोष, बॉडीखालची गळती, अशी काही कामे उघडल्याशिवाय कळतच नाहीत. त्यांच्यासाठी माझा नियम वेगळा आहे. अशी गाडी रॅम्पवर उघडायची नाही, ज्या जागी ती अडली तरी चालेल तिथे उघडायची. आणि ज्या कामाचा पार्ट आधीच ठरला आहे, त्यात पार्ट दारात आल्याशिवाय, किंवा बसमध्ये बसल्याची पावती आल्याशिवाय, गाडी वर घ्यायची नाही. गिऱ्हाईक म्हणेल, "खोलून तं ठेवा." नाही म्हणा. चालती गाडी त्याच्या दारात उभी राहिली तर तिची कामे होत राहतात, तुमच्या रॅम्पवर उघडी पडली तर दोघांचेही अडते. अपवाद ब्रेक आणि स्टिअरिंगचा. ती गाडी परत पाठवायची नाही.

यासाठी तिसरी जागा लागते. शेड नसली तरी चालेल, पण पक्की आणि सपाट हवी. गिअरबॉक्स उतरवलेली बोलेरो प्रोपेलर शाफ्ट काढून चार जणांनी ढकलत तिथे नेता येते. मारुतीच्या पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाड्यांत मात्र जपा. ॲक्सल शाफ्ट काढून गाडी तशीच चाकांवर ढकलली तर पुढच्या हबच्या बेअरिंगला आतून दाब राहत नाही आणि ते खराब होते. सरकवायचीच असेल तर शाफ्टचा बाहेरचा जॉइंट हबमध्ये घालून नट कसा, मग ढकला. मी पोरांना हे भिंतीवर लिहूनच ठेवले आहे, कारण घाईत हेच विसरते आणि महिन्याभराने गिऱ्हाईक "चाकातून आवाज येते" म्हणत परत येते.

रॅम्पवर लहान कामे आणि खड्ड्यावर मोठी, असे सरसकट वाटून टाका. ऑइल, ब्रेक, शॉकअप, बुश ही कामे रॅम्पवर पटापट होतात आणि त्यातून रोजचा पैसा फिरतो. क्लच, गिअरबॉक्स खड्ड्यावर. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या खड्ड्यात पाणी झिरपते, ते तुमच्याकडेही होत असणार. त्या तीन महिन्यांत मोठी कामे कमी घ्या. आणि आठवडी बाजाराच्या दिवसाकडे लक्ष द्या. खेड्यावरचा माणूस बाजाराला येतो तेव्हाच गाडी टाकतो आणि संध्याकाळी तीच घेऊन परत जायचे असते. त्या दिवशी रॅम्पवर सकाळपासून कोणतेही लांब काम ठेवू नका. गावातल्या गाड्यांना आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी बोलवा, त्यांना फरक पडत नाही.

आता स्टॉक. पार्ट घेताना पार्टवाला "हा जास्त खपते" म्हणतो, तो त्याच्या दुकानात खपतो. तुम्ही तुमची मागची बिले काढा आणि प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारा. महिन्यात किती गेला? मागवला तर किती वेळात येतो? आणि तो नसला तर गाडी उघडी अडते का? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे.

ऑइल फिल्टर घ्या. समजा एका प्रकारच्या गाडीचे महिन्याला बारा जातात, म्हणजे आठवड्याला तीन, आणि पार्टवाल्याची गाडी आठवड्यातून एकदा फिरते. एक फेरी चुकली तर दोन आठवडे काढायचे आहेत, म्हणजे सहा. डब्यात सहा उरले की मागवा, दहापर्यंत भरा. वीस ठेवायची गरज नाही. डब्याच्या आत सहाव्या नगावर लाल चिकटपट्टी लावा. ती दिसली की पोराने पाटीवर नाव लिहायचे.

क्रँकचे मागचे सील दोन महिन्यांतून एखादे जाईल. खपाच्या हिशेबाने ते ठेवायलाच नको. पण किंमत काही शेकड्यांत, आणि नसले तर गिअरबॉक्स उतरवलेली गाडी एक पूर्ण दिवस बसते. म्हणून एक नग ठेवायचाच. याच जातीत इनपुट शाफ्टचे सील, पायलट बेअरिंग, ड्रेन प्लगचे वॉशर, बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, ब्रेक सिलिंडरचे किट, ॲक्सलचे सील, होजच्या क्लिपा, पाट्यांचे सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट येतात. वस्तू छोट्या, पण जागा अडवतात त्याच. तुमच्या चार मुख्य गाड्यांची ही किरकोळ भरली तर एका कपाटात मावते.

क्लच सेट मात्र ठेवू नका. एक सेट काही हजारांचा, प्रकार चार-पाच, आणि कोणता लागेल हे गाडी आल्यावरच कळते. सकाळी तपासून दुपारी येत असेल तर ते काम बसचे आहे, तुमच्या कपाटाचे नाही. टर्बो, इंजेक्टर, अल्टरनेटर, सेन्सर यांनाही हेच. विजेचे पार्ट तर बहुतेक दुकानदार परतही घेत नाहीत. बाकीच्या मालासाठी त्याच्याशी आधीच बोलून ठेवा की सीलबंद पाकीट किती दिवसांत परत घेशील. सहा महिने न हललेला पार्ट दिसला की तो परत जाईल किंवा घेतल्या भावात विकला जाईल, आणि पुन्हा भरला जाणार नाही.

मोसमाप्रमाणे थोडा फेर करावा लागतो. मार्चमध्ये रेडिएटर कॅप, होज, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट, कूलंट, कारण एप्रिल-मेचे आपल्याकडचे ऊन आणि लग्नांच्या वऱ्हाडाच्या ठासून भरलेल्या गाड्या. मेअखेर वायपर, ब्रेक पॅड, आणि ॲक्सलचे रबरी बूट. काळ्या मातीचा चिखल फाटक्या बुटातून आत गेला की जॉइंट संपलाच. सप्टेंबरात, पोळा झाला की पाटे, बुश, यू-बोल्ट, क्लच ऑइल. कापूस निघाला की पिकअप क्षमतेपेक्षा जास्त लोड घेऊन धावतात आणि हीच कामे येतात. मोसम संपला की त्या डब्याची खालची खूण कमी करा, नाहीतर जूनमध्ये रेडिएटर होज पडून राहतात.

तीन लाखांतले सत्तर-ऐंशी हजार या कपाटाला पुरतील, त्याहून जास्त घालू नका. लाखभर रोख वेगळे ठेवा. हे पैसे पार्टसाठी नव्हेत, उधारीसाठी आहेत. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो आणि गाडी तर लागते. नाही म्हणता येत नाही. पण तुम्ही सगळे बिल उधार ठेवले तर पार्टवाल्याचे थकते, मग तो आधी दुसऱ्याचा माल पाठवतो, आणि तुमच्या वहीत 'पा' वाढतो. मी पार्टचे पैसे रोख घेतो आणि मजुरी कापसापर्यंत थांबवतो. हे गाडी उघडण्याआधी सांगायचे. लोक मान्य करतात, कारण पार्ट विकत आणावा लागतो हे सगळ्यांना समजते. ज्याच्याकडे तेवढेही नाहीत त्याचे त्या लाखातून भागवता येते, पण ती वही वेगळी ठेवा आणि ती रक्कम संपली की थांबा.

मोठ्या मिस्त्रींबद्दल. तुमचे सगळे गॅरेज त्यांच्या दोन हातांवर उभे आहे, हे तुम्ही लिहिले नाही तरी दिसते. ते लग्नाला गेले की गॅरेज बंद, असेच असेल. एक तक्ता करा: डावीकडे तिघांची नावे, वर दहा-बारा कामे. ऑइल-फिल्टर, पुढचे ब्रेक, मागचे ड्रम, शॉकअप, व्हील बेअरिंग, क्लच, कूलिंग, वायरिंग, स्कॅनर, असे. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक खूण. नुसते पाहिले, हाताखाली केले, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. मग पाहा की एकाच माणसाची खूण असलेली कामे किती आहेत, आणि त्यातली कोणती रोज येतात. ती आधी शिकवायची. बहुतेक ठिकाणी ब्रेकचे सगळे काम आणि व्हील बेअरिंग पोरांना देता येते. दोन महिने लागतात. पहिले काही वेळा मिस्त्रींनी फक्त बाजूला उभे राहायचे, हात लावायचा नाही. हे त्यांना जड जाते. एक अडचण सरळ बोलून टाका: "पोरं शिकली का माझी गरज संपली" असे त्यांना वाटू शकते. त्यांचा पगार कमी होणार नाही, उलट सकाळची तपासणी आणि शेवटची ट्रायल त्यांच्याशिवाय होणार नाही, हे त्यांना ऐकू द्या. आणि तसेच करा. ज्याने काम केले त्यानेच ट्रायल घ्यायची नाही.

पोरांपैकी ज्याला वाचायचा कंटाळा नाही त्याला स्कॅनर द्या. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस६ गाड्याच विकल्या जातात, आणि आता त्या पाच-सहा वर्षांच्या होऊन तुमच्याकडे यायला लागल्या असतील. पण स्कॅनर पार्टचे नाव सांगत नाही, कुठे पाहायचे ते सांगतो, हे त्याच्या डोक्यात पक्के बसवा. P0087 आला, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी आहे. लगेच सेन्सर किंवा पंप बदलायचा नाही. आधी फिल्टर किती जुना, त्यातून पाणी निघते का ते पाहा. पिंपात साठवलेले डिझेल टाकणाऱ्यांच्या गाड्यांत पाणी हमखास सापडते. मग हवा ओढतेय का, पाइप दबलाय का. त्यानंतर इंजेक्टरचे परतीचे डिझेल मोजा. तिथपर्यंत काम तुमचे, त्यापुढे पंपवाल्याचे. इंजेक्टर आणि पंप स्वतः उघडण्याची हौस करू नका. त्याला लागणारे टेस्ट बेंच आणि स्वच्छ खोली तुमच्या धुळीत शक्य नाही. फ्लायव्हीलला टवका असेल किंवा ड्रमला कड आली असेल तर लेथवाला लागतो. तो किती वाजता काम घेतो आणि कोणत्या दिवशी बंद असतो हे त्याच पाटीवर लिहा, कारण बारा वाजता गिअरबॉक्स उतरवायचा आणि लेथवाला बंद, हा दिवस कधीतरी येतोच.

काम शिकले की नाही हे कसे कळते? परत आलेल्या गाडीवरून. एक रकाना ठेवा: महिन्याच्या आत त्याच तक्रारीसाठी परत आली. कुणी काम केले, काय चुकले, पार्ट चुकला की बसवणे चुकले. शिव्या देण्यासाठी नाही, पुढच्या महिन्यात काय शिकवायचे ते ठरवण्यासाठी. आमच्याकडे ब्रेकच्या परत आलेल्या गाड्यांत बहुतेकदा पार्ट चांगलाच असतो, पण पॅड जिथे सरकतो ती जागा साफ न करता बसवलेला असतो.

गिऱ्हाईक यवतमाळला का गेले याबद्दल मला वाटते ते सांगतो. ते फक्त उशिरामुळे जात नाहीत. "संध्याकाळी भेटन" सांगितले आणि परवा मिळाली, यामुळे जातात. आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या मनात तीन संशय असतात: पार्ट खरंच बदलला का, तो असली होता का, आणि चांगला पार्ट काढून तर घेतला नाही ना. त्यांचे उत्तर गोड बोलून मिळत नाही, वस्तू दाखवून मिळते. नवीन पार्टचे पाकीट मालकासमोर फोडा, तो नसला तर फोडताना फोटो पाठवा ज्यात छापील किंमत दिसेल. जुना पार्ट त्याच नव्या खोक्यात घालून गाडीत ठेवा, मागायची वाट पाहू नका. बिलावर लिहा की पार्ट कंपनीचा आहे, दुसऱ्या नावाजलेल्या ब्रँडचा आहे की साधा. तिन्ही ठेवता येतात, लपवता येत नाहीत. गिऱ्हाइकाने स्वतः पार्ट आणला तर बसवून द्या, मजुरी घ्या, आणि त्या पार्टची हमी माझ्याकडे नाही हे बिलावर लिहून त्याची सही घ्या.

आणि आकडा. सकाळी तपासणीनंतर दोन आकडे सांगा. त्या पिकअपच्या मालकाला असे: "सेटच गेला असंन तं इतके. फ्लायव्हील लेथवर न्यावं लागलं तं इतके. याच्यावर गेलं तं फोन करीन, तुम्ही हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही." मग लगेच पुढचा प्रश्न: "पाचशेपर्यंतचं किरकोळ निघालं तं विचारू का करून टाकू?" बहुतेक जण "करून टाका" म्हणतात. ही परवानगी जॉब कार्डावर लिहून घ्या. मालक वावरात असताना अडणारे 'मा'चे निम्मे तास या एका वाक्याने जातात. फोन न लागल्यास घरातल्या कुणाला विचारायचे तो दुसरा नंबरही घ्या. वेळ सांगताना पार्टची बस धरून सांगा. दोनला पार्ट येणार असेल तर "आज सहाला, बस चुकली तं उद्या दुपारी, तीनला फोन करून पक्कं सांगतो." आणि तीनला फोन करा, बातमी वाईट असली तरी.

मी सांगितलेले सगळे एकदम लावू नका. पहिले चार आठवडे फक्त वही आणि सकाळची तपासणी. त्यानंतर कपाट. तक्ता आणि शिकवणी पावसाळ्यात, जेव्हा गाड्या कमी असतात. पुढच्या ऑक्टोबर ते जानेवारीत वही पुन्हा मोजा. तेव्हा १०८ पैकी 'का' सलग चार आठवडे ऐंशीच्या आसपास असेल, आणि तरीही गाड्या परत जात असतील, तर जागा खरेच कमी आहे. तेव्हा रॅम्प घ्या. चौथा हात नसेल तर मात्र तेव्हाही नको, कारण तीन माणसे तीन जागा चालवू शकत नाहीत.

रॅम्प घ्याल तेव्हा यंत्राच्या किमतीइतकेच लक्ष जमिनीकडे द्या. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन खांबी रॅम्पचा सगळा भार खांबांच्या बुडाशी अँकर बोल्टवर येतो. मातीवर नुसते चार इंच काँक्रीट टाकून तो उभा केला तर दोन पावसाळ्यांत फरशी उचलते, बोल्ट सैल होतात आणि खांब ओळंब्यात राहत नाही. काळी माती उपसून मुरूम भरा, तो थराथराने पाणी मारून ठोका, आणि वर सळईचे काँक्रीट रॅम्प बनवणाऱ्याच्या नकाशात दिलेल्या जाडीचे टाका. काँक्रीटला २८ दिवस होऊ द्या, मगच बोल्ट. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. थ्री फेज वीज तुमच्याकडे दिवसा किती तास असते तेही आधी पाहा, आणि वीज नसताना गाडी खाली कशी उतरवायची ते यंत्र बसवणाऱ्याकडून तिघांनीही स्वतःच्या हाताने करून घ्या.